बजेट वाढवलं की सीपीए उडी मारतो: चांगलं चाललेलं कॅम्पेन मोठं करताना नेमकं कुठे अडकतं

तक्रार जवळपास ठरलेली असते. कॅम्पेन तीन-चार आठवडे छान चाललेलं असतं, एका ऑर्डरमागचा जाहिरातखर्च, म्हणजे सीपीए, मर्यादेच्या बराच खाली असतो. मग बजेट दुप्पट होतं आणि चार दिवसांत सीपीए सव्वा ते दीडपट. घाबरून बजेट पुन्हा पहिल्यासारखं केलं, तरी जुना आकडा काही परत येत नाही. महिन्याभराने हाच खेळ पुन्हा.

इथे उदाहरण मेटाच्या, ऑनलाइन ऑर्डर मिळवण्यासाठी लावलेल्या कॅम्पेनचं घेतलं आहे. गूगल सर्चचं गणित थोडं वेगळं असतं, ते शेवटी आहे. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, चलन कुठलंही धरा.

आधी हे बघा: सीपीए खरंच वाढला आहे का?

बजेट वाढवल्याच्या दुसऱ्या दिवशी जो सीपीए दिसतो, त्यावरून काहीही ठरवू नका. याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही निव्वळ हिशेबाची आहेत.

पहिलं कारण म्हणजे ऑर्डर उशिरा येतात. समजा क्लिक झालेल्या दिवशीच ६० टक्के ऑर्डर येतात आणि उरलेल्या पुढच्या आठवड्याभरात. दिवसाचं बजेट १३,००० केलं आणि त्या दिवसाच्या क्लिकमधून शेवटी ३१ ऑर्डर मिळणार आहेत, तर खरा सीपीए ४१९. पण पहिल्या रात्री रिपोर्ट उघडला तर ३१ पैकी साधारण १९ च ऑर्डर आलेल्या असतात आणि पडद्यावर सीपीए ७०० च्या आसपास दिसतो. गूगल ॲड्सच्या मूळ कॉलममध्ये ऑर्डर क्लिकच्या तारखेला जमा होते, त्यामुळे तिथे ताजे दिवस कायमच वाईट दिसतात. ऑर्डर ज्या दिवशी आली त्या तारखेला मोजणारा रिपोर्ट असेल, तर आदल्या दिवसांच्या उशिरा आलेल्या ऑर्डर आजच्या खात्यात पडतात आणि फुगवटा कमी दिसतो. पण तोही पूर्ण जात नाही, कारण खर्च आज वाढलेला असतो आणि उशिरा येणाऱ्या ऑर्डर अजून जुन्या, कमी खर्चाच्या दिवसांच्या असतात.

स्वतःच्या खात्यात हा उशीर किती आहे ते एकदा मोजून ठेवा. गूगल ॲड्समध्ये त्यासाठी `Days to conversion` हा सेगमेंट आहे. मेटामध्ये एकाच जुन्या आठवड्यासाठी १ दिवसाच्या क्लिकच्या आणि ७ दिवसांच्या क्लिकच्या ऑर्डर शेजारी शेजारी लावा, किती ऑर्डर उशिरा येतात ते लगेच दिसेल. त्यानंतर एक पथ्य: ताजे तितके दिवस निर्णयात धरायचे नाहीत. उशीर ७ दिवसांचा असेल तर आठवडा संपल्यावर आणखी एक आठवडा थांबून त्याचा हिशेब करा.

दुसरं कारण म्हणजे नशीब. रोज सरासरी २५ ऑर्डर येत असतील, तर काहीही न बदलता एखाद्या दिवशी २० येतात, एखाद्या दिवशी ३०. ऑर्डरच्या आकड्याचं वर्गमूळ काढलं की साधारण चढउतार कळतो, २५ चं वर्गमूळ ५. म्हणजे १०,००० बजेटवर ४०० चा सीपीए साधारण तीन दिवसांपैकी दोन दिवस ३३३ ते ५०० च्या दरम्यान हेलकावे खाणार आणि उरलेल्या दिवशी त्याच्याही बाहेर जाणार. बजेट वाढवल्याच्या दुसऱ्या दिवशी दिसलेला ५०० चा सीपीए कदाचित बजेट न वाढवताही दिसला असता.

बजेट परत आणूनही जुना आकडा का येत नाही, याचंही उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. पाच-सहा कॅम्पेनमधून सगळ्यात चांगलं निवडलं जातं तेव्हा त्याच्या त्या आकड्यात थोडं नशीबही मिसळलेलं असतं. ज्या दहा दिवसांकडे बघून ते ‘विनर’ ठरलं, ते दहा दिवस मुळातच त्याचे चांगले दिवस होते. म्हणून तुलनेसाठी सगळ्यात देखणा आठवडा घेऊ नका. निवडीनंतरचे किमान २८ दिवस घ्या. तिथे सीपीए ३६० ऐवजी ४०० निघाला, तर तुमचा खरा आधार ४०० आहे. बजेट वाढवल्यावरचे ४२० मग ‘१७ टक्के वाढ’ न वाटता ५ टक्के वाटतात, आणि तेच खरं असतं.

सरासरी सीपीए चांगला दिसतो आणि नफा मात्र घटतो

वरचं सगळं तपासूनही सीपीए वाढलेलाच दिसत असेल, तर आता खरा मुद्दा. सीपीए वाढणारच आहे. लिलावात सगळ्यात सोपी, स्वस्त गिऱ्हाइकं आधी मिळतात आणि प्रत्येक पुढची ऑर्डर थोडी महाग पडते. प्रश्न इतकाच की वाढवलेल्या पैशातून आलेली ऑर्डर कितीला पडली. ते सरासरीत दिसत नाही.

समजा जाहिरातीचा खर्च सोडून एका ऑर्डरमागे ६०० सुटतात. माल, पॅकिंग, पाठवणी, परत येणारा माल हे सगळं वजा करून. आता हा तक्ता बघा. सगळे आकडे दिवसाचे आहेत, पण मांडताना पूर्ण आठवड्यांची सरासरी घ्यायची.

| बजेट | ऑर्डर | सरासरी सीपीए | वाढीव सीपीए | दिवसाचा नफा |
|---|---|---|---|---|
| १०,००० | २५ | ४०० | – | ५,००० |
| १३,००० | ३१ | ४१९ | ५०० | ५,६०० |
| १६,००० | ३६ | ४४४ | ६०० | ५,६०० |
| २०,००० | ४० | ५०० | १,००० | ४,००० |

वाढीव सीपीए म्हणजे वाढवलेला खर्च भागिले वाढलेल्या ऑर्डर. १३,००० वरून १६,००० ला जाताना ३,००० जादा घातले आणि ५ ऑर्डर जादा मिळाल्या, म्हणून ६००. शेवटच्या ओळीत ४,००० जादा घालून फक्त ४ ऑर्डर आल्या, प्रत्येकी १,००० ला.

थेट १०,००० वरून २०,००० वर उडी मारणाऱ्याला काय दिसतं? सरासरी सीपीए ५००, मर्यादा ६००. म्हणजे अजून १०० चा वाव आहे, अजून वाढवू. प्रत्यक्षात खर्च दुप्पट झाला आणि दिवसाचा नफा ५,००० वरून ४,००० वर आला. ‘सीपीए टार्गेटच्या आत आहे’ हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकू आलं की लगेच विचारा: शेवटच्या वाढीचा सीपीए किती?

या उदाहरणात थांबायची जागा १३,००० आणि १६,००० च्या मध्ये कुठेतरी आहे. दोन्हीकडे नफा ५,६०० च आहे, पण १६,००० ला त्यासाठी ३,००० जास्त अडकवून ठेवावे लागतात. ऑर्डरची संख्या वाढवण्याला वेगळं मोल असेल, गिऱ्हाईक पुन्हा खरेदी करत असेल, तर ते मोल आधी ६०० च्या आकड्यात मिळवा आणि मग हाच हिशेब करा. फक्त अंदाजाने मिळवू नका. मागच्या वर्षभरात दुसरी ऑर्डर किती टक्के लोकांनी दिली, हे दुकानाच्या नोंदींतून काढा.

पायरी केवढी मोठी घ्यायची

‘एका वेळी २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. मेटाने असा काही आकडा ठरवून दिलेला नाही, तो जाहिरात चालवणाऱ्यांनी अनुभवातून रूढ केला आहे. मेटाचं म्हणणं एवढंच की मोठ्या बदलाने ॲड सेट पुन्हा लर्निंग फेजमध्ये जाऊ शकतो, आणि त्यातून बाहेर यायला शेवटच्या मोठ्या बदलानंतर आठवड्याभरात साधारण ५० कन्व्हर्जन लागतात. दिवसाला २५ ऑर्डर येणारा ॲड सेट दोन-तीन दिवसांत तिथून बाहेर पडतो. तेव्हा इतक्या मोठ्या ॲड सेटचा सीपीए तीन आठवड्यांनीही चढलेला असेल, तर त्याचं खापर लर्निंगवर फोडण्यात अर्थ नाही.

लर्निंगचा त्रास खरा असतो तो पैसे विखुरलेले असतात तिथे. ४०० च्या सीपीएला आठवड्यात ५० ऑर्डर हव्या असतील तर ॲड सेटला आठवड्याचे २०,०००, म्हणजे दिवसाचे जवळपास २,८६० लागतात. हेच १०,००० चार ॲड सेटमध्ये वाटले की प्रत्येकाला २,५०० येतात, आठवड्याला ४४ ऑर्डर, आणि चारही `Learning limited` मध्ये अडकतात. अशा वेळी बजेट वाढवण्याआधी चाराचे दोन करा. ते जास्त उपयोगी पडतं.

जास्त लहान पायरीचा तोटा सहसा कोणी सांगत नाही: ती वाचताच येत नाही. १० टक्के वाढ म्हणजे दिवसाला १,००० जादा आणि कदाचित २ ऑर्डर जादा, आठवड्याला १४. पण दोन आठवड्यांच्या तुलनेतला नैसर्गिक चढउतारच १९ ऑर्डरच्या आसपास असतो. १४ मिळाल्या की ०, ते कळणारच नाही. असं दर तीन दिवसांनी १० टक्के वाढवत नेलं की महिन्याभरात बजेट दुप्पट होतं आणि वाढीव सीपीए कधी हजारावर गेला ते कोणत्याच टप्प्यावर दिसत नाही. पायऱ्या लहान असल्याने सगळं सांभाळून चाललंय असं वाटत राहतं, एवढंच.

३० टक्क्यांच्या पायरीचं चित्र असं. १०,००० ला दोन आठवड्यांत ३५० ऑर्डर, १३,००० ला दोन आठवड्यांत ४३४. फरक ८४ चा. चढउतार काढायला दोन्ही आकड्यांची बेरीज करून वर्गमूळ घ्या: ७८४ चं वर्गमूळ २८. म्हणजे जादा ऑर्डर साधारण ५६ ते ११२ च्या दरम्यान. जादा खर्च ४२,०००. त्यावरून वाढीव सीपीए ३७५ ते ७५० च्या पट्ट्यात, मधोमध ५००. पट्टा अजूनही रुंदच आहे, पण निदान दिशा कळते. हेच एका आठवड्यावर केलं तर पट्टा ३४० ते ९५५ इतका पसरतो आणि त्यावरून काही ठरवणं म्हणजे नाणं उडवणं.

म्हणून साधारण ३० टक्क्यांची पायरी, त्यावर दोन पूर्ण आठवडे, वर उशिरा येणाऱ्या ऑर्डरसाठी काही दिवस. पूर्ण आठवडेच घ्या, कारण शनिवार-रविवार आणि मधले वार यांची खरेदी सारखी नसते. दिवसाला ५-६ च ऑर्डर येत असतील तर दोन आठवडे पुरणार नाहीत, महिना लागेल. आणि या काळात दुसरं काहीही बदलायचं नाही. किंमत, सवलत, पान, नवी क्रिएटिव्ह, काहीच नाही. सवलतीच्या आठवड्यात घेतलेली पायरी मोजमापातून सरळ बाद करा.

वाढीव सीपीए फार चढला असेल तर: तीनपैकी काय हललं?

आता दुरुस्तीकडे येऊ. घाईने क्रिएटिव्ह बदलण्याआधी सीपीए फोडून बघा:

```
सीपीए = सीपीएम ÷ (१००० × सीटीआर × सीव्हीआर)
```

सीपीएम हजार वेळा जाहिरात दाखवण्याचा खर्च, सीटीआर बघणाऱ्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं, सीव्हीआर क्लिक करणाऱ्यांपैकी किती जणांनी ऑर्डर दिली. क्लिकमध्ये फक्त पानावर नेणारे क्लिक धरा, `Link clicks`. फोटो मोठा करून बघणाऱ्याचा क्लिक धरला तर सगळं चित्र बिघडतं.

आपल्या कॅम्पेनमध्ये १०,००० बजेटला सीपीएम १२०, सीटीआर १.२ टक्के, सीव्हीआर २.५ टक्के होता. १२० भागिले ०.३, म्हणजे ४००. बजेट २०,००० केल्यावर सीपीएम १३२, सीटीआर तोच १.२, सीव्हीआर २.२. १३२ भागिले ०.२६४, म्हणजे ५००.

यातून काय कळतं? सीटीआर तसाच आहे, म्हणजे क्रिएटिव्ह थकलेली नाही. ‘नवे व्हिडिओ बनवा’ हा पहिला सल्ला इथे चुकीचा ठरला असता आणि दोन आठवडे वाया गेले असते. रीचकडेही नजर टाका. बजेट दुप्पट आणि सीपीएम दहा टक्क्यांनी चढलेला म्हणजे इम्प्रेशन साधारण १.८ पट. रीचही तेवढ्याच पटीने वाढला असेल तर जाहिरात खरोखर नव्या लोकांपर्यंत जाते आहे. रीच जेमतेम वाढला आणि `Frequency` चढली, सोबत सीटीआर घसरला, तर मात्र तीच माणसं पुन्हा पुन्हा बघत आहेत आणि तेव्हा दुखणं क्रिएटिव्हचं किंवा अरुंद ऑडियन्सचं असतं. फ्रिक्वेन्सीचा एकच धोक्याचा आकडा असा काही नसतो. ३ ला चांगलं चालणारी जाहिरात असते आणि १.८ ला मेलेलीही. सीटीआरसोबतच ती वाचा.

सीपीएममधली दहा टक्के वाढ साहजिक आहे. त्याच तासांत जास्त पैसे संपवायचे म्हणजे सिस्टिमला महाग लिलावांतही उतरावं लागतं. (सगळ्यांचेच सीपीएम वाढण्याचे दिवस असतील, तर बजेट न वाढवलेल्या दुसऱ्या कॅम्पेनचा सीपीएम बघून घ्या. तोही दहा टक्क्यांनी चढला असेल तर यात तुमच्या बजेटचा दोष नाही.)

उरला सीव्हीआर, २.५ वरून २.२. बहुतेक स्केलिंगची गाडी इथेच अडकते, आणि त्यामागचं कारण कॅम्पेनच्या आत दडलेलं असतं.

‘विनर’च्या आत दोन कॅम्पेन असतात

मोठ्या, खुल्या ऑडियन्सवर चालणारं कॅम्पेन आधी साइटवर येऊन गेलेल्या लोकांनाही जाहिरात दाखवतं, तुम्ही त्यांना वगळलं नसेल तर. ही ओळखीची माणसं पटकन खरेदी करतात. मेटाच्या सेटिंगमध्ये आधी संपर्कात आलेले लोक आणि जुने ग्राहक कोण, हे ठरवून दिलं असेल, तर ॲड्स मॅनेजरच्या ब्रेकडाउनमध्ये `Audience segments` निवडून हा भेद बघता येतो. आपल्या कॅम्पेनचा तो असा निघाला:

| | ओळखीचे: खर्च, ऑर्डर, सीपीए | नवे: खर्च, ऑर्डर, सीपीए |
|---|---|---|
| बजेट १०,००० | १,८०० / ८ / २२५ | ८,२०० / १७ / ४८२ |
| बजेट २०,००० | ३,००० / १० / ३०० | १७,००० / ३० / ५६७ |

४०० चा तो आकडा कोणाच्याच नावावर नव्हता. ओळखीचे २२५ ला मिळत होते, नवे ४८२ ला, आणि दोन्ही मिसळून ४००. ओळखीच्या लोकांचा साठा तुमच्या साइटवर किती लोक येतात त्यावर ठरतो, बजेटवर नाही. बजेट दुप्पट केलं तरी तिथे ८ च्या १० च ऑर्डर झाल्या. वाढलेला जवळजवळ सगळा पैसा नव्या लोकांकडे गेला. तेव्हा बजेट वाढवायच्या आधी विचारायचा प्रश्न ‘४०० चा सीपीए किती वर जाईल’ हा नसून ‘नव्या लोकांच्या ४८२ मध्ये मला किती जागा आहे’ हा आहे. ६०० ची मर्यादा असताना ११८ ची. २०० ची वाटत होती.

ब्रेकडाउन उपलब्ध नसेल तर ओबडधोबड मार्ग आहे: साइटवर आलेले आणि जुने ग्राहक वगळून त्याच क्रिएटिव्हचं लहान कॅम्पेन दोन आठवडे चालवा. त्याचा सीपीए बघून धक्का बसला तरी तोच खरा आधार मानून चाला.

दुरुस्तीही यावरूनच ठरते. नव्या लोकांचा सीव्हीआर कमी असेल तर बहुतेकदा अडचण जाहिरात पोचवते त्या पानाची असते. ओळखीच्या माणसाला वस्तूचा फोटो, किंमत आणि बटण पुरतं. नव्या माणसाला पाठवणीचा खर्च, परत करायची सोय, मापं, ही वस्तू नेमकी कोणासाठी आहे, हे पहिल्या दोन पडद्यांत लागतं. पाठवणीचा खर्च शेवटच्या पायरीवर अचानक दिसत असेल तर तो वर आणा. कुठे गळती आहे हे बघायला कार्टमध्ये टाकलेल्यांपैकी किती जण ऑर्डरपर्यंत गेले, ते बजेट वाढण्याआधी आणि नंतर तपासा. कार्टपर्यंत प्रमाण तेच आणि पुढे घसरलं असेल तर अडचण चेकआउटमध्ये आहे. कार्टमध्येच कमी येत असतील तर पानात, किंवा जाहिरात एक सांगते आणि पान दुसरंच, यात. २०,००० च्या बजेटवर सीव्हीआर २.२ वरून पुन्हा २.५ वर आला तर सीपीए ५०० वरून ४४० वर येतो. मेटामध्ये एकही बटण न हलवता.

प्लेसमेंटचंही ब्रेकडाउन एकदा बघून घ्या. क्लिक भरपूर आणि ऑर्डर शून्य अशी जागा सापडली तर ती बंद करता येते. पण निव्वळ सीपीए जास्त दिसतो म्हणून जागा बंद करत सुटू नका. सिस्टिम प्रत्येक जागेतली स्वस्त संधी शोधत असते, तुम्ही दारं बंद केलीत की उरलेल्या जागांत ती जास्त महाग बोली लावते.

कॉपी करून वाढवणं

बजेट वाढवण्याऐवजी तोच ॲड सेट पाच वेळा डुप्लिकेट करायचा, ही युक्ती अजून चालते असं मानणारे बरेच आहेत. मेटा एकाच लिलावात तुमच्या दोन जाहिराती एकमेकींविरुद्ध उतरवत नाही, त्यांपैकी एकच पुढे जाते. म्हणजे नवे लोक मिळत नाहीत, फक्त शिकण्याचा डेटा पाच वाट्यांत जातो. पहिले तीन दिवस एखादी कॉपी चमकते, कारण पाचातली एखादी नशिबाने चमकणारच. ऑडियन्स किंवा मुद्दा खरोखर वेगळा असेल तरच वेगळा ॲड सेट करा.

बोलीची मर्यादा: दोन पर्याय, दोन वेगळी कामं

सीपीए बांधून ठेवायला मेटामध्ये `Cost per result goal` आणि `Bid cap` आहेत, आणि त्यांत वारंवार गल्लत होते. पहिला पर्याय सरासरी सांभाळतो. तिथे ५०० घातलेत तर २२५ च्या ओळखीच्या ऑर्डरमुळे सरासरी खाली राहते आणि त्या उरलेल्या जागेत सिस्टिम ९०० च्या ऑर्डरही विकत घेऊ शकते. सरासरी ५०० च, टार्गेट पूर्ण, आणि नफा तक्त्यातल्या शेवटच्या ओळीसारखा.

`Bid cap` प्रत्येक लिलावातल्या बोलीला मर्यादा घालतो, म्हणून वाढीव सीपीएला तो जास्त जवळचा आहे. इथे आकडा घालायचा तो एका ऑर्डरमागे सुटणारा, आपल्या उदाहरणात ६००. ४०० नको. लिलावात ही बोली त्या माणसाने ऑर्डर देण्याच्या अंदाजाशी गुणली जाते. हा अंदाज चुकला तर काही ऑर्डर ६०० च्या वरही जातात, मर्यादा अगदी काटेकोर नसते. शिवाय नवा बिड कॅप लावणं हाही मोठा बदल आहे, ॲड सेट पुन्हा शिकू लागतो. म्हणून चालतं कॅम्पेन तसंच ठेवून शेजारी, ओळखीचे लोक वगळलेलं, बिड कॅपचं वेगळं कॅम्पेन लावणं बरं. त्याला दिवसाचं बजेट भरपूर द्या. बहुतेकदा ते पूर्ण खर्च होत नाही आणि तसंच व्हायला हवं. १०,००० दिले आणि ४,००० च खर्च झाले, तर ६०० च्या आत त्या दिवशी तेवढ्याच ऑर्डर मिळण्यासारख्या होत्या. कॅप वाढवून उरलेले ६,००० संपवण्याचा मोह होतो. तो आवरा.

सीपीए आधीच उडाला असेल तर मागे कसं यायचं

२०,००० वरून एकदम १०,००० वर येऊ नका, आणि त्याच दिवशी क्रिएटिव्ह, ऑडियन्स, बोली यांतलं काहीही बदलू नका. नाहीतर पुढच्या आठवड्यात काय कशामुळे झालं ते कोणालाच सांगता येणार नाही. २०,००० वरून १६,०००, आठवडाभर हात लावायचा नाही, मग १३,०००. तिथे ठरलेले दोन आठवडे मोजमाप. कॅम्पेन बंद करून ‘रीसेट’ करण्याचा तर विचारही नको. ७ दिवस किंवा जास्त बंद राहिलं तर सुरू झाल्यावर ते पुन्हा लर्निंगमध्ये जातं.

गूगल सर्च

इथे मागणी लोकांच्या शोधण्याने ठरते आणि तुमच्या हातात एक उघड मोजपट्टी आहे. `Search impression share`, आणि तो का गमावला याचे दोन कॉलम: `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)`. शेअर ७० टक्के आणि उरलेले ३० टक्के बजेटमुळे गमावलेले असतील, तर बजेट वाढवून सध्याच्या साधारण १.४३ पट, म्हणजे १०० भागिले ७०, इतकं वाढता येतं आणि सीपीए फारसा हलत नाही, कारण तेच शोध, त्याच जागा मिळतात. बजेटमुळे गमावलेला वाटा शून्याजवळ असेल तर बजेट वाढवून काहीच होत नाही. मग लोक टार्गेट सीपीए वाढवतात आणि रँकमुळे हुकलेल्या, म्हणजे जास्त बोली लागणाऱ्या जागा विकत घेतात. तिथे वरचा वाढीव सीपीएचा तक्ता जसाच्या तसा लागू होतो. किंवा कीवर्ड ब्रॉड मॅच करून नवे शोध आणले जातात. असं केलंत तर ब्रॉडचं कॅम्पेन वेगळं ठेवा, ब्रँडच्या नावाचे शोध त्यातून निगेटिव्ह करून काढा आणि पहिले दोन आठवडे सर्च टर्म्सचा रिपोर्ट दर दोन-तीन दिवसांनी उघडा. ब्रँडचे शोध आत राहिले तर तेच या कॅम्पेनचे ‘ओळखीचे लोक’ होतात आणि सरासरी पुन्हा फसवायला लागते.